बदललेल्या फोटोची फोटोओळ आणि आल्ट टेक्स्ट: खरं काय, बदललेलं काय, हे ऐकणाऱ्याला कसं सांगावं

फोटोत फेरफार केलेला असला की डोळ्यांनी पाहणाऱ्याला शंका घ्यायला थोडी तरी जागा असते. सावली भलत्याच बाजूला पडलेली असते, एकच चेहरा दोनदा दिसतो, एखादी कड नको तितकी धारदार वाटते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्यापर्यंत पोचतं ते तुम्ही लिहिलेलं वाक्य. त्यात ‘सभागृह गच्च भरलेले आहे’ असं असेल, तर त्याच्या लेखी सभागृह खरोखर गच्च भरलेलं होतं. फेरफार कोणीही केलेला असो, त्याची साक्ष तुम्ही दिलेली असते.

ही साक्ष खरी राहील अशा पद्धतीने कसं लिहायचं, ते इथे एका उदाहरणावरून पाहू. वेबसाइटवर, अहवालात किंवा सोशल मीडियावर फोटो टाकण्याचं काम नुकतंच हाती आलेल्यांसाठी हे लिहिलं आहे. दोन शब्द आधी स्पष्ट करतो. फोटोखाली छापलेली, सगळ्यांना दिसणारी ओळ म्हणजे फोटोओळ. आल्ट टेक्स्ट हा फोटोला जोडलेला पण पानावर न दिसणारा मजकूर. स्क्रीन रीडर फोटोपाशी आला की तो वाचून दाखवतो. फोटो उघडलाच नाही तर त्याच्या जागी हाच मजकूर दिसतो.

उदाहरण असं. एका व्याख्यानाचा फोटो आहे. डावीकडे मंचावर वक्ता उभा आहे, समोर श्रोते बसले आहेत. मूळ फोटोत पुढच्या चार रांगा भरलेल्या आहेत आणि मागच्या पाच जवळजवळ रिकाम्या. अहवालाच्या मांडणीत हा फोटो बसवताना तिघांचे हात त्यावरून फिरले. एकाने फोटो उजळ केला. दुसऱ्याने उजवीकडचा भाग कापला, त्यात दाराशी उभे असलेले चार-पाच लोक गेले. तिसऱ्याने पुढच्या रांगांतली माणसं उचलून मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसवली. आता हा फोटो तुमच्याकडे आला आहे आणि त्यासाठी आल्ट टेक्स्ट लिहायचा आहे.

आधी बदल शोधा, मग लिहा

सगळ्यात पहिलं काम म्हणजे मूळ फोटो मागून घेणं. ‘थोडंसं एडिट केलंय’ या उत्तरावर लिहायला बसू नका. ज्याने काम केलं त्याला चार सरळ प्रश्न विचारा: काय काढलं, काय घातलं, काय जागेवरून हलवलं, आणि कशाचा रंग किंवा उजेड बदलला? ‘एडिट केलं का?’ या प्रश्नाला लोक सहज नाही म्हणतात, कारण फोटो उजळ करणं किंवा कापणं त्यांना एडिटिंग वाटतच नाही. हे चार प्रश्न वेगवेगळे विचारले की उत्तरं निघतात.

दोन्ही फाइल हाती असतील तर पडताळणी सोपी आहे. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये मूळ फोटो खालच्या लेयरवर आणि बदललेला वरच्या लेयरवर ठेवा, आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे दोन्ही फोटो तंतोतंत सारखे आहेत तिथे काळं दिसतं, जिथे फरक आहे तिथे उजळ आकार उमटतात. आपल्या फोटोत मागच्या पाच रांगांच्या जागी माणसांच्या आकृत्या उभ्या राहतील. मात्र संपूर्ण फोटो उजळ केलेला असेल तर सगळीकडेच फिकट करडी छटा येते, आणि फोटो कापल्यामुळे दोन्ही लेयर एकमेकांवर नीट बसत नाहीत. म्हणून आधी एखादी स्थिर गोष्ट, समजा मंचाचा कोपरा, धरून दोन्ही फोटो जुळवा. तसंच जेपीजी फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह झालेली असेल तर सगळ्या कडांवर बारीक ठिपके दिसतात. तो फेरफार नव्हे, दाबून साठवल्याचा परिणाम आहे. फेरफार असतो तिथे ठिपके नाहीत, ओळखू येणारा आकार दिसतो.

कोणता बदल सांगायचा, कोणता नाही

प्रत्येक बारीक बदल सांगायला गेलात तर वाचक त्यातच बुडेल आणि महत्त्वाचा बदल हरवेल. मी एकच कसोटी लावतो: त्या जागी त्या वेळी हजर असलेला माणूस हा फोटो पाहून ‘असं नव्हतं’ म्हणेल का? म्हणणार असेल तर बदल सांगायचा.

या कसोटीवर फोटो उजळ केल्याचं सांगायची गरज नाही. सभागृहातला कोणीही त्याबद्दल तक्रार करणार नाही. रिकाम्या खुर्च्यांवर माणसं बसवणं सांगायलाच हवं, यात दुमत नसावं. अडचण कापण्याची आहे. बहुतेक वेळा फोटो कापणं निरुपद्रवी असतं. इथे मात्र दाराशी उभे असलेले लोक गेले आहेत. ते आत येत होते की निघून चालले होते, यावर फोटोचा अर्थ ठरतो. व्याख्यान सोडून जाणारे लोक कापले असतील तर ते सांगायचं. नुसते उभे असतील तर सोडून द्यायला हरकत नाही. हे फोटोग्राफरला विचारल्याशिवाय कळणार नाही.

उजेड आणि रंगाचा बदल नेहमीच किरकोळ असतो असंही समजू नका. जून 1994 मध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही अमेरिकन साप्ताहिकांनी खुनाचा आरोप असलेला माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा एकच पोलिसी फोटो मुखपृष्ठावर छापला. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याची त्वचा मुद्दाम गडद केलेली होती. फोटोत काही घातलं नव्हतं, काही काढलं नव्हतं, तरी माणूस अधिक भीतिदायक दिसू लागला आणि त्यावर मोठी टीका झाली. त्वचेचा रंग, शरीराचा आकार, जखम, रक्त, धूर आणि आग यांचा उजेड किंवा रंग बदलला असेल तर तो सांगण्याजोगा बदल समजा.

हलवण्याचंही तसंच. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या अंकासाठी गिझाच्या पिरॅमिडांचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठावर बसवताना पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले. पिरॅमिड खरे, उंटस्वार खरे, मधलं अंतर मात्र खोटं. अशा फोटोच्या आल्ट टेक्स्टमध्ये ‘जवळजवळ उभे असलेले पिरॅमिड’ असं लिहिलं, की नेमकी खोटी गोष्टच आपण शब्दांत पक्की करतो. जे बदललं आहे त्याचं वर्णन कधीही साध्या विशेषणात करू नका. हाताने घडवलेली गोष्ट आहे हे सांगणारं क्रियापद तिथे हवं: सरकवले, बसवले, पुसले, जोडले.

फोटोओळ आधी लिहा

नवखी मंडळी आल्ट टेक्स्टपासून सुरुवात करतात. माझं मत उलट आहे. फेरफार झालेला आहे ही गोष्ट सगळ्या वाचकांना कळायला हवी, म्हणून तिची पहिली जागा फोटोओळ. आल्ट टेक्स्टमध्येच ती लपवली तर पाहणारा वाचक अंधारात राहतो. शिवाय फोटोओळ पक्की झाली की आल्ट टेक्स्टमध्ये काय सांगायचं उरलं हे आपोआप स्पष्ट होतं.

आपल्याकडे फोटोखाली ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ किंवा ‘संग्रहित छायाचित्र’ लिहायची पद्धत रुळली आहे. फेरफारासाठी हे दोन्ही शब्द निरुपयोगी आहेत. संग्रहित म्हणजे फोटो जुना आहे. प्रातिनिधिक म्हणजे तो या घटनेचा नाही. फोटोतलं काही घडवलेलं आहे, हे दोन्हींतून कळत नाही. ‘संपादित छायाचित्र’ एवढंच लिहिणंही अपुरंच. पाहणारा त्यावरून फोटोत शोधाशोध करू शकतो. ऐकणाऱ्याला मात्र ‘यातलं काहीतरी खोटं आहे’ एवढीच हुरहूर मिळते, आणि मग तो संपूर्ण वर्णनावरच अविश्वास दाखवतो. वक्ता खरा होता की नाही, हेसुद्धा त्याला कळत नाही.

चांगल्या फोटोओळीत काय बदललं आणि मूळ काय होतं, या दोन्ही गोष्टी असतात. आपल्या फोटोची ओळ अशी होईल:

‘व्याख्यानाला जमलेले श्रोते. अहवालाच्या मांडणीसाठी या फोटोत बदल केला आहे: मागच्या पाच रांगा प्रत्यक्षात जवळजवळ रिकाम्या होत्या, तिथे पुढच्या रांगांतील लोकांच्या प्रती बसवल्या आहेत.’

ही ओळ वाचल्यावर संपादक फोटोच बदलायला सांगण्याची शक्यता बरीच आहे. त्याला माझी हरकत नाही. फेरफार स्पष्ट शब्दांत लिहायला लाज वाटत असेल तर मूळ फोटो वापरावा, आणि असं खरंच घडतं.

आल्ट टेक्स्ट: क्रम सगळ्यात महत्त्वाचा

फोटो पाहणारा एकदम सगळं पाहतो. ऐकणारा एका ओळीत, एकामागून एक शब्द ऐकतो, आणि हवं तेव्हा पुढे निघून जातो. सराईत वाचक बऱ्याच वेगाने ऐकतात. पहिल्या वाक्यात कामाचं काही सापडलं नाही तर `Ctrl` दाबून आवाज थांबवतात आणि पुढच्या मजकुरावर जातात. म्हणून ‘हा फोटो बदललेला आहे’ ही गोष्ट शेवटी लिहिली, तर ती ऐकली जाईलच याची खात्री नाही. तोपर्यंत गच्च भरलेलं सभागृह मनात तयारही झालेलं असतं.

मी हा क्रम ठेवतो. आधी हे काय आहे: फोटो, बदललेला फोटो, दोन फोटो जोडून केलेलं चित्र, रेखाटन. मग लगेच बदल कोणता. त्यानंतर खऱ्या गोष्टींचं वर्णन, आणि शेवटी बनावट भाग कसा दिसतो ते. खरं आणि बनावट यांची सरमिसळ करायची नाही. ‘मंचावर वक्ता, समोर भरलेल्या रांगा, त्यातील मागच्या बनावट, डावीकडे पडदा’ असं लिहिलं की ‘बनावट’ हा शब्द मागच्या रांगांना लागू आहे की पडद्यालाही, हे कानाला कळत नाही.

आपल्या फोटोवर हे तीन टप्प्यांत करून पाहू. पहिला प्रयत्न बहुतेकांचा असा असतो:

‘व्याख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यांनी गच्च भरलेले सभागृह.’

ओळ सुटसुटीत आहे आणि खोटी आहे. सावध लेखक तिच्यात सुधारणा करतो ती अशी:

‘व्याख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यांनी गच्च भरलेले सभागृह (संपादित).’

आता ती तांत्रिकदृष्ट्या प्रामाणिक झाली, पण उपयोगाची नाही. बदल कुठे झाला ते कळत नाही, आणि तो शब्द शेवटी, कंसात आहे. बरेच स्क्रीन रीडर नेहमीच्या सेटिंगमध्ये कंस बोलून दाखवत नाहीत. अवतरणचिन्हांचंही तेच. त्यामुळे ‘“भरलेले” सभागृह’ असं लिहून अवतरणांतून सुचवलेली शंका ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तो ऐकतो ते ‘भरलेले सभागृह’. तिरपी अक्षरं, रंग आणि खोडलेले शब्द यांवरही विसंबू नका. जे सांगायचं ते पूर्ण वाक्यात सांगा:

‘बदललेला फोटो. मागच्या पाच रांगांतील श्रोते नंतर बसवलेले आहेत. डावीकडे मंचावर वक्ता उभा आहे. समोरच्या चार रांगा खरोखर भरलेल्या आहेत. त्यांच्यामागे त्याच लोकांचे चेहरे पुन्हा दिसतात.’

‘चे चित्र’ किंवा ‘चा फोटो’ हे शब्द एरवी आल्ट टेक्स्टमध्ये नको असतात, कारण हे चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. ‘बदललेला फोटो’ ही माहिती मात्र त्याच्याकडे नसते, म्हणून ती लिहायची.

फोटोओळ आणि आल्ट टेक्स्ट दोन्हींत फेरफाराचा उल्लेख आला, मग ही पुनरुक्ती नाही का? आहे, पण ती लागते. एनव्हीडीए आणि जॉज या स्क्रीन रीडरमध्ये `G` दाबून वाचक एका चित्रावरून थेट पुढच्या चित्रावर उडी मारतो. तेव्हा बऱ्याचदा फक्त आल्ट टेक्स्ट ऐकू येतो, फोटोओळ नाही. फोटोवर टिचकी मारून तो मोठा करून पाहण्याची सोय असते, तिथेही फोटोओळ मागे राहू शकते. म्हणून बदल कोणता हे आल्ट टेक्स्टमध्ये थोडक्यात यावं, आणि कोणी, का, कशासाठी हा तपशील फक्त फोटोओळीत राहावा. वाक्यं शब्दशः सारखी करू नका. एकच वाक्य लागोपाठ दोनदा ऐकताना वाचकाला वाटतं की आपणच मागे गेलो.

लांबीबद्दल सरसकट नियम नाही. दोन ते पाच लहान वाक्यं पुरतात. आल्ट टेक्स्टमध्ये परिच्छेद किंवा याद्या करता येत नाहीत, सगळं एका दमात वाचलं जातं. फेरफार गुंतागुंतीचा असेल तर आल्ट टेक्स्टमध्ये मुख्य बदल सांगा आणि सविस्तर वर्णन फोटोखाली साध्या परिच्छेदात द्या. एक्सवर आल्ट टेक्स्टला 1,000 अक्षरांची मर्यादा आहे, मॅस्टोडॉनवर 1,500. ती गाठायची वेळ सहसा येत नाही.

पानात बसवताना

वेबपानावर ही जोडी अशी दिसते:

```html
<figure lang="mr">
  <img src="vyakhyan.jpg"
       alt="बदललेला फोटो. मागच्या पाच रांगांतील श्रोते नंतर बसवलेले आहेत. डावीकडे मंचावर वक्ता उभा आहे.">
  <figcaption>व्याख्यानाला जमलेले श्रोते. मागच्या रांगा प्रत्यक्षात जवळजवळ रिकाम्या होत्या.</figcaption>
</figure>
```

जागा वाचवायला इथे मजकूर छोटा केला आहे. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, `lang="mr"`. संपूर्ण पान मराठीत असेल तर ते `html` टॅगवरच हवं. पानाची भाषा इंग्रजी अशी नोंदवलेली असेल तर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो. मग मजकूर विचित्र उच्चारात येतो, नाहीतर गाळलाच जातो. तुमचं सगळं काटेकोर लेखन तिथेच वाया जातं.

दुसरी, सरळ दुहेरी अवतरणचिन्ह. आल्ट टेक्स्ट `"` ने सुरू होतो आणि पुढचं `"` आलं की संपतो. मजकुरात कुठे तेच चिन्ह टाइप केलंत तर पुढचा भाग तुटतो. हे पटकन लक्षात येत नाही, कारण फोटो व्यवस्थित दिसत असतो. ऐकताना वर्णन मध्येच थांबलं तर पहिला संशय या चिन्हावर घ्या.

तिसरी, फोटोवरचे शिक्के. फेरफार उघड करण्यासाठी पुष्कळ जण फोटोवरच ‘खोटा’ असा लाल शिक्का किंवा मोठी फुली मारतात. पाहणाऱ्यासाठी ते उत्तम. स्क्रीन रीडरच्या दृष्टीने मात्र ते निव्वळ रंगाचे ठिपके आहेत. शिक्क्यातला शब्द आल्ट टेक्स्टच्या सुरुवातीला लिहिला नाही, तर ऐकणाऱ्याला त्या खोट्या फोटोचं साधं, विश्वासार्ह वाटणारं वर्णन मिळतं. अफवा खोडून काढणाऱ्या लेखातच अफवा पोचते ती अशी. फेसबुकसारख्या ठिकाणी तुम्ही काही लिहिलं नाही तर वर्णन आपोआप तयार होतं. ते वर्णन फोटोत काय दिसतं एवढंच सांगतं, तो खरा आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ती जागा रिकामी सोडू नका.

दोन फोटो शेजारी शेजारी असतील तर

मूळ आणि बदललेला फोटो एकत्र दाखवायचा असतो तेव्हा नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात. एक गाजलेलं उदाहरण घेऊ. 1937 सालच्या एका सोव्हिएत फोटोत मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठाने चार माणसं चालताना दिसतात. डावीकडून सोव्हिएत नेते व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, स्टालिन, आणि उजव्या टोकाला गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव्ह. पुढे येझोव्ह मर्जीतून उतरला, 1940 मध्ये त्याला देहदंड दिला गेला, आणि फोटोच्या नंतरच्या प्रतीत तो नाही. त्याच्या जागी कालव्याचं पाणी रंगवलेलं आहे.

या जोडीला बहुतेक ठिकाणी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे आल्ट टेक्स्ट दिलेले असतात. ते ऐकून काहीही कळत नाही. दुसरी चूक याच्या उलट असते: दोन्ही फोटोंचं साग्रसंगीत वर्णन, टोप्या, कोट, कठडा सगळ्यासह. मग ऐकणाऱ्याने दोन लांबलचक वर्णनं लक्षात ठेवून त्यांतला फरक स्वतः शोधायचा. पाहणारा जे नजरेच्या एका फेरीत करतो ते ऐकणाऱ्याकडून स्मरणशक्तीवर करून घेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. फरक तुम्ही सांगायचा.

मूळ फोटोसाठी:

‘मूळ फोटो, 1937. कालव्याच्या काठाने चौघे चालत आहेत. डावीकडून व्होरोशिलोव्ह, मोलोतोव्ह, स्टालिन आणि उजव्या टोकाला येझोव्ह.’

बदललेल्यासाठी:

‘त्याच फोटोची बदललेली प्रत. येझोव्हला पुसून टाकले आहे. स्टालिनच्या उजवीकडे, येझोव्ह होता तिथे, आता फक्त पाणी दिसते. बाकी तिघे तसेच आहेत.’

‘बाकी तिघे तसेच आहेत’ हे वाक्य सोडू नका. काय बदललं नाही हे सांगितल्यावरच बदलाची कड स्पष्ट होते. आणखी एक बारकावा: ‘स्टालिनच्या उजवीकडे’ म्हणजे त्याच्या उजव्या हाताला की पाहणाऱ्याच्या उजवीकडे? माणसांच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो. इथे पहिल्या वर्णनात ‘डावीकडून’ असा क्रम दिला आहे, म्हणून दिशा पाहणाऱ्याची हे कळतं. तसा आधार नसेल तर ‘फोटोच्या उजव्या कडेला’ असं लिहा.

हे दोन फोटो पडदा सरकवून एकमेकांवर पाहण्याच्या सोयीत असतील तर ती सरकपट्टी ऐकणाऱ्याच्या उपयोगाची नसते. स्क्रीन रीडरला तिथे दोन चित्रं आणि बरेचदा नाव नसलेलं एक बटण मिळतं. दोन्ही आल्ट टेक्स्ट वरच्याप्रमाणे स्वतंत्रपणे कळतील असे लिहिले की काम भागतं. सरकपट्टीला ‘मूळ आणि बदललेला फोटो यांची तुलना’ असं नाव द्यायला प्रोग्रामरला सांगा.

जिथे मूळ फोटोच हाती नाही

फोटो कुठूनतरी फिरत आलेला असतो आणि तो खरा की बदललेला हे ठरवता येत नाही. अशा वेळी वर्णनच टाळण्याकडे कल होतो, पण मग दृष्टिहीन वाचकाला चर्चा कशाबद्दल चालली आहे तेच कळत नाही. वर्णन करा, फक्त ते फोटोत काय दिसतं एवढ्यापुरतं ठेवा: ‘पडताळणी न झालेला फोटो. त्यात पुलाचा मधला भाग तुटलेला दिसतो.’ ‘पुलाचा मधला भाग तुटला आहे’ असं लिहिलं की ती बातमी होते.

ओळख लपवण्यासाठी चेहरा धूसर केला असेल तर तेवढंच सांगा, त्यामागे कोण आहे याचा माग लागेल असं काही लिहू नका. फोटोत झाकलेली ओळख आल्ट टेक्स्टमध्ये कपडे, गावाचं नाव आणि वय देऊन उघड झाल्याचे प्रकार दिसतात. जुन्या कृष्णधवल फोटोला रंग भरलेले असतील तर ‘निळा कोट’ लिहिताना रंग नंतर भरले आहेत हे आधी सांगा. ते रंग बहुधा अंदाजाने दिलेले असतात. समजावण्यासाठी फोटोवर बाण किंवा वर्तुळ काढलं असेल तर ते फसवणुकीसाठी नसतं, तरी ‘बाण नंतर काढला आहे’ आणि तो कशाकडे रोखला आहे हे सांगितल्याशिवाय खालचा मजकूर समजत नाही.

न पाहता ऐका

एनव्हीडीए विंडोजवर मोफत मिळतो. तो सुरू करून आपलं पान ब्राउझरमध्ये उघडा, मॉनिटर बंद करा किंवा डोळे मिटा, आणि `G` दाबत चित्रांवरून जा. मग पानाच्या सुरुवातीला येऊन `Insert` आणि खालचा बाण एकत्र दाबा, म्हणजे सगळं सलग वाचलं जाईल. पहिल्या फेरीत फक्त आल्ट टेक्स्टवर फेरफार कळतो का ते तपासा. दुसऱ्या फेरीत आल्ट टेक्स्ट आणि फोटोओळ पाठोपाठ ऐकताना कंटाळा येतो का ते पाहा. एखादा शब्द नेमका काय उच्चारला गेला हे कळत नसेल तर एनव्हीडीएच्या मेनूत `Speech Viewer` आहे, त्यात बोललेला मजकूर लिहून दिसतो.

त्यानंतर फोटो न पाहिलेल्या कोणाला तरी हे ऐकवा. स्क्रीन रीडर रोज वापरणारी व्यक्ती मिळाली तर फारच उत्तम, कारण तिच्या ऐकण्याच्या सवयी तुमच्यापेक्षा पूर्ण वेगळ्या असतात. ‘कळलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘त्या दिवशी सभागृहात साधारण किती रांगा भरल्या होत्या?’ असं विचारा. उत्तर ‘चार’ आलं तर मजकूर नीट आहे. ‘सगळ्या’ आलं तर बदलाचं वाक्य उशिरा आलं आहे किंवा मिळमिळीत आहे. ‘सांगता येत नाही, फोटो खोटा आहे ना’ असं उत्तर आलं तर बनावट भागावर तुम्ही इतका भर दिला की खरा भाग वाहून गेला. ‘खरोखर भरलेल्या’ हे शब्द त्या वाक्यात आहेत का ते पुन्हा पाहा.

प्रसिद्ध झाल्यानंतर फोटो बदलला गेला, म्हणजे तक्रार आल्यावर मूळ फोटो परत लावला गेला, तर आल्ट टेक्स्टही त्याच वेळी बदलावा लागतो. फाइल बदलणारा आणि मजकूर लिहिणारा वेगळे असले की हमखास विसंगती होते: खऱ्या फोटोवर ‘बदललेला फोटो’ हे वर्णन तसंच राहतं. पानाचा दुवा शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राचं वर्णन वेगळ्या ठिकाणी, `og:image:alt` मध्ये असतं. तेही तपासा, कारण पान दुरुस्त झाल्यावरही जुनं वर्णन तिथे तसंच राहून जातं.